एकच पेशंट, तीन वजनं, तीन डोस: लठ्ठपणात क्रिएटिनिन क्लिअरन्स काढताना कुठलं वजन धरायचं?

एक पेशंट डोळ्यासमोर आणा. बाई आहेत, वय ६२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन १०८ किलो. सीरम क्रिएटिनिन १.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि गेले तीन दिवस तेवढंच आहे, ना वर ना खाली. त्यांना गंभीर इन्फेक्शनसाठी सेफेपिम नावाचं अँटिबायोटिक द्यायचंय, ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून डोस ठरवायच्या आधी किडनी किती काम करतेय याचा अंदाज हवा. सूत्र सगळ्यांना माहीत असतं, मोबाईलवर कॅल्क्युलेटरही असतो. आकडे टाकले की क्रिएटिनिन क्लिअरन्स येतो, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त क्रिएटिनिनपासून साफ करते त्याचा अंदाज.

आता वजनाच्या रकान्यात १०८ टाकलं तर क्लिअरन्स येतो ६२. उंचीवरून काढलेलं "आयडियल" वजन टाकलं तर येतो २९. आणि या दोन्हींच्या मधलं "ॲडजस्टेड" वजन टाकलं तर ४२. पेशंट तीच, रिपोर्ट तोच, दिवस तोच. सेफेपिमच्या लेबलवर सीमा आहेत ६० आणि ३०, त्यामुळे जिथे पूर्ण डोस २ ग्रॅम दर ८ तासांनी आहे तिथे पहिल्या उत्तराने पूर्ण डोस चालू राहतो, तिसऱ्याने २ ग्रॅम दर १२ तासांनी, आणि दुसऱ्याने २ ग्रॅम दिवसातून एकदाच. म्हणजे फक्त वजनाचा रकाना बदलला की दिवसाला ६ ग्रॅम, ४ ग्रॅम किंवा २ ग्रॅम. मी क्लिनिकल फार्मसिस्ट म्हणून काम करते आणि ज्युनियर डॉक्टरांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, "मॅडम, वजन कुठलं टाकू?" त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं, पण ती ओळ नुसती पाठ केली की पुढच्याच पेशंटला ती चुकते, म्हणून जरा मुळापासून सांगते.

सूत्र कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांचं, १९७६ सालचं, कॅनडातलं. २४९ पेशंटच्या मोजमापांवरून काढलेलं, आणि त्यात जवळपास सगळे पुरुष होते. सूत्र असं:

```
CrCl (mL/min) = (140 - age) × weight (kg) / (72 × SCr (mg/dL))
स्त्रियांसाठी: × 0.85
```

हे १४० आणि ७२ कुठून आले हे फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते वजनाच्या प्रश्नाचं सगळं उत्तर तिथेच दडलंय. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. स्नायूंत क्रिएटिन साठलेलं असतं आणि त्यातला थोडासा भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो, मग ते रक्तात येतं आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. ज्याचे स्नायू जास्त त्याचं रोजचं क्रिएटिनिन जास्त. स्नायू रोज बदलत नाहीत, त्यामुळे एखाद्या माणसात हे रोजचं उत्पादन बऱ्यापैकी ठरलेलं असतं. आणि रक्तातली पातळी स्थिर असेल तर जेवढं तयार होतंय तेवढंच बाहेर पडतंय, नाहीतर पातळी चढली किंवा उतरली असती.

कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी काय केलं, तर २४ तासांच्या लघवीत किती क्रिएटिनिन येतं हे बघितलं आणि ते वयाशी कसं जोडलेलं आहे ते काढलं. त्यांना मिळालं ते असं, की माणूस रोज किलोमागे साधारण (२८ वजा ०.२ गुणिले वय) इतके मिलिग्रॅम क्रिएटिनिन बाहेर टाकतो. वय वाढेल तसं हे कमी होतं, कारण स्नायू कमी होत जातात. आता हेच जरा वेगळ्या तऱ्हेने लिहा, (१४० वजा वय) भागिले ५. तेच ना? २८ म्हणजे १४० चा पाचवा भाग, ०.२ म्हणजे एकाचा पाचवा भाग. याला वजनाने गुणलं की दिवसाचं एकूण क्रिएटिनिन मिळतं. दिवसात १४४० मिनिटं, त्याने भागलं की मिनिटाचं. आणि डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर, म्हणून रक्तातल्या पातळीने भागताना १०० वर जातात. ५ गुणिले १४४० भागिले १००, झाले ७२. कागदावर एकदा करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्यानंतर हे सूत्र पाठ करावं लागत नाही.

तर सूत्राचा वरचा भाग, (१४० वजा वय) गुणिले वजन, हा किडनीबद्दल काही सांगतच नाही. तो फक्त एवढाच अंदाज आहे की हा माणूस रोज किती क्रिएटिनिन बनवतो. किडनीबद्दलची खबर येते ती फक्त खालच्या सीरम क्रिएटिनिनमधून. आणि वजन तिथे बसलंय ते स्नायूंच्या जागी, कारण स्नायू तोलता येत नाहीत आणि माणूस तोलता येतो. साध्या बांध्याच्या माणसात हे चालून जातं. ६० किलोच्या माणसात आणि ७० किलोच्या माणसात स्नायूंचं प्रमाण थोडंफार सारखं असतं.

स्त्रियांसाठीचं ०.८५ पण यातूनच कळतं. त्याच वजनात बाईच्या शरीरात स्नायू थोडे कमी आणि चरबी थोडी जास्त, म्हणून उत्पादन साधारण १५ टक्के कमी धरायचं. त्यांच्या अभ्यासात बायका नावापुरत्याच होत्या, त्यामुळे हा आकडा त्या मोजमापांतून निघालेला नाही, तो ढोबळ अंदाजाने ठेवलेला आहे.

आता आपल्या १०८ किलोच्या बाईंकडे परत या. त्यांचं वजन ७० वरून १०८ झालं असेल तर वाढलेले ३८ किलो काय आहेत? बहुतेक चरबी, आणि थोडे स्नायू, कारण जड शरीर रोज उचलून चालायचं तर पायांचे, पाठीचे स्नायूही थोडे वाढतातच. चरबी क्रिएटिनिन जवळजवळ बनवत नाही. पण सूत्रात १०८ टाकलं की सूत्र समजतं सगळं वजन साध्या माणसासारखंच, म्हणजे प्रत्येक किलोत नेहमीइतके स्नायू आहेत. मग ते म्हणतं की या बाई रोज एवढं भरपूर क्रिएटिनिन बनवतात तरी रक्तात फक्त १.६ आहे, म्हणजे किडनी चांगलीच साफ करत असणार. म्हणून ६२. हे फुगवलेलं उत्तर आहे.

उलट आयडियल वजन टाकलं तर वाढलेलं सगळं वजन निव्वळ चरबी होती असं धरल्यासारखं होतं. मग उत्पादन फार कमी धरलं जातं आणि किडनी आहे त्यापेक्षा वाईट दिसते. म्हणून २९.

आयडियल वजन काढायची पद्धत डेव्हाइनची, १९७४ ची, जेंटामायसिनच्या डोसबद्दलच्या लेखातली. पुरुषासाठी ५० किलो, बाईसाठी ४५.५ किलो, आणि ५ फुटांच्या वर प्रत्येक इंचाला २.३ किलो. आपल्या बाई १५८ सेंटिमीटर म्हणजे ६२.२ इंच, ५ फुटांच्या वर २.२ इंच, त्याचे साधारण ५.१ किलो, म्हणजे आयडियल वजन ५०.६. "आयडियल" हा शब्द फार दिशाभूल करतो. या वजनाचं असायला पाहिजे, असायला नको, असं काही त्यात नाही, ते फक्त उंचीवरून केलेलं एक गणित आहे. आणि एक महत्त्वाची गोष्ट, इथे उंची चुकली की सगळं चुकतं. फाइलवर अंदाजाने लिहिलेली उंची मी बऱ्याच वेळा बघितलीय, ती ५ सेंटिमीटरने चुकली तर आयडियल वजन साडेचार किलोने चुकतं. पेशंट उभा राहू शकत असेल तर टेप लावून मोजा.

ॲडजस्टेड वजन म्हणजे आयडियल वजन अधिक वाढीव वजनाचे ४० टक्के. वाढीव वजन १०८ वजा ५०.६, म्हणजे ५७.४. त्याचे ४० टक्के २३. दोन्ही मिळून ७३.५ किलो. हे ०.४ मुळात आलं जेंटामायसिनसारख्या ॲमिनोग्लायकोसाइड औषधांकडून, ती औषधं लठ्ठ माणसाच्या शरीरात किती जागेत पसरतात ते बघताना. क्लिअरन्ससाठी तो आकडा उसना घेतलाय. पण नंतर लठ्ठ पेशंटमध्ये २४ तासांची लघवी गोळा करून मोजलेल्या क्लिअरन्सशी ताडून बघितलं तेव्हा ०.४ चा अंदाज बाकीच्या वजनांपेक्षा चांगला जुळला, म्हणून तो टिकला.

तर गणित, सगळं एकदा ओळीने. १४० वजा ६२ म्हणजे ७८. ७२ गुणिले १.६ म्हणजे ११५.२. ७८ भागिले ११५.२ म्हणजे ०.६७७, त्याला ०.८५ ने गुणलं की ०.५७५. आता या ०.५७५ ला फक्त वजनाने गुणायचं. १०८ ला ६२, ७३.५ ला ४२, ५०.६ ला २९. मी हे असंच करते, वजन शेवटी ठेवते, म्हणजे वजन बदलल्यावर उत्तर किती हलतं ते समोर दिसतं. कॅल्क्युलेटर एकच आकडा दाखवतो आणि तो आकडा फार खात्रीचा वाटतो.

यातलं खरं कुठलं हे कसं कळणार? याला एक साधी परीक्षा आहे आणि ती वरच्याच हिशोबातून निघते. सूत्राचा वरचा भाग म्हणजे रोजच्या क्रिएटिनिनचा अंदाज, तर तो मिलिग्रॅममध्ये काढून बघा. या बाईंसाठी किलोमागे १५.६ मिलिग्रॅम, गुणिले ०.८५. वजन १०८ धरलं तर रोज साधारण १४३० मिलिग्रॅम, ७३.५ धरलं तर ९७५, ५०.६ धरलं तर ६७०. आता २४ तासांची लघवी नीट गोळा केली आणि समजा त्यात ९६० मिलिग्रॅम क्रिएटिनिन निघालं. ९६० भागिले १४४० म्हणजे मिनिटाला ०.६६७ मिलिग्रॅम. रक्तात १.६ प्रति डेसिलिटर म्हणजे मिलिलिटरमागे ०.०१६. भागाकार केला की साधारण ४२. म्हणजे ॲडजस्टेड वजनाने काढलेला अंदाज बरोबर होता. आणि लघवीत १४०० निघालं तर बाईंचे स्नायू खरंच भरपूर आहेत आणि ६२ च खरं होतं. असंही होतं, आयुष्यभर अंगमेहनतीचं काम केलेल्या माणसात.

फक्त ही लघवी गोळा करताना एक वेळची जरी वाया गेली की आकडा कमी येतो आणि किडनी खोटीच वाईट दिसते, त्यामुळे गोळा करणाऱ्या नर्सशी आधी नीट बोलून घ्या, सकाळी पहिली लघवी फेकायची आणि तिथून घड्याळ सुरू, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची धरायची. गंभीर पेशंटमध्ये अर्थात कुणी २४ तास थांबत नाही, पहिला डोस तर अंदाजावरच जातो.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की, लठ्ठ असेल तर ॲडजस्टेड वजन, लेख संपला. बऱ्याच औषधांसाठी हे बरोबर आहे. साधारण नियम असा धरतात, की खरं वजन आयडियलपेक्षा कमी असेल तर खरं वजनच घ्या, कारण जे स्नायू नाहीतच ते धरून काय उपयोग. आयडियलच्या आसपास असेल तर आयडियल किंवा खरं, फरक पडत नाही. आणि आयडियलपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी जास्त झालं की ॲडजस्टेड. आपल्या बाईंना सेफेपिम २ ग्रॅम दर १२ तासांनी, ४२ धरून.

पण त्याच बाईंना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची लय बिघडण्याचा आजार आहे आणि रिव्हारोक्सॅबान नावाची रक्त पातळ करणारी गोळी द्यायचीय असं समजा. तिथे सीमा ५० ची आहे. वर असेल तर रोज २० मिलिग्रॅम, ५० किंवा खाली असेल तर १५. ॲडजस्टेड वजनाने ४२, म्हणून १५ देणार? इथे मी थांबवते. कारण या औषधाच्या मोठ्या ट्रायलमध्ये कोणाला १५ द्यायचं हे ठरवताना कॉकक्रॉफ्ट-गॉल्टमध्ये पेशंटचं खरं वजन टाकलं होतं. म्हणजे ती ५० ची सीमा खऱ्या वजनाच्या मापाने आखलेली आहे. त्या ट्रायलमध्ये या बाई असत्या तर त्यांचा क्लिअरन्स ६२ धरून त्यांना २० मिलिग्रॅमच मिळालं असतं, आणि औषध चालतं, रक्तस्राव किती होतो, हे सगळं ज्ञान त्या २० मिलिग्रॅमचं आहे. आपण वेगळ्या मापाने मोजून १५ दिलं तर स्ट्रोकपासून मिळणारं संरक्षण कमी होण्याची भीती, आणि त्या बदल्यात काही मिळालं असं कुणी दाखवलेलं नाही. डाबिगॅट्रान, एपिक्सॅबान, एडॉक्सॅबान यांच्या ट्रायलमध्येही खरं वजनच धरलं होतं. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या या नव्या गोळ्यांसाठी खरं वजन.

हे ऐकून लोक गोंधळतात, कारण किडनी तर एकच आहे, मग ती एका औषधाला ४२ आणि दुसऱ्याला ६२ कशी? किडनी एकच आहे, खरंय, आणि ती ४२ च्या जवळ आहे. पण दुसऱ्या प्रश्नात आपण किडनी किती चालते हे विचारतच नाही आहोत. आपण विचारतोय की ज्या पेशंटवर हा डोस तपासला गेला त्यांच्या रांगेत या बाई कुठे उभ्या राहतात. त्यासाठी त्या रांगेची मोजपट्टीच वापरायला हवी, मग ती थोडी वाकडी का असेना. हे एकदा मनात बसलं की नवीन औषध समोर आलं तरी अडत नाही, फक्त बघायचं की त्याच्या सीमा कुठल्या मापाने ठरल्या. लेबलमध्ये नसेल तर कंपनीच्या माहिती विभागाला किंवा ट्रायलच्या मूळ पेपरमध्ये शोधायचं.

अजून एक गोंधळ याच्याशीच जुळलेला आहे आणि तो मला रोज दिसतो. क्लिअरन्ससाठीचं वजन आणि डोससाठीचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनॉक्सापॅरिन बघा, गुठळीच्या उपचाराला किलोमागे १ मिलिग्रॅम दर १२ तासांनी, आणि क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर दिवसातून एकदाच. इथे किलो म्हणजे खरे किलो, १०८, म्हणजे डोस साधारण ११० मिलिग्रॅम. पण एकदा की दोनदा हे ठरवायला क्लिअरन्स काढायचा आणि त्यात या बाईंना ॲडजस्टेड वजन धरलं तर ४२, म्हणजे दोनदा. आयडियल वजन धरणाऱ्याला २९ दिसले असते आणि त्याने एकदाच दिलं असतं, फुफ्फुसात गुठळी असलेल्या बाईला अर्धं औषध. एकाच औषधात, एकाच ऑर्डरमध्ये दोन वजनं लागतात. उलट जेंटामायसिनमध्ये लठ्ठ पेशंटला डोससुद्धा ॲडजस्टेड वजनावर काढतात. त्यामुळे फाइलवर नुसतं "वजन ७३.५" असं लिहू नका, "ॲडजस्टेड, क्लिअरन्ससाठी" असं लिहा. एका ठिकाणी माझ्या समोर असं झालं होतं, एकाने ॲडजस्टेड वजन सिस्टिमच्या वजनाच्या रकान्यात भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने त्याच आकड्यावरून परत ॲडजस्टेड काढलं. ७३.५ चे ५९.८ झाले. ते संध्याकाळी औषधं तपासताना लक्षात आलं, पण तोवर एक डोस कमी गेला होता.

लॅबच्या रिपोर्टवर किडनीच्या गाळण्याचा जो अंदाज, ईजीएफआर, छापून येतो त्याचं काय, असंही विचारतात. या बाईंचा २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ३६ येईल. त्या सूत्रात वजन नसतंच, म्हणून वाटतं की वजनाची कटकटच मिटली. पण तो आकडा १.७३ चौरस मीटर अंगाच्या माणसासाठी करून दिलेला असतो, आजार कुठल्या टप्प्यावर आहे हे दोन माणसांत ताडून बघता यावं म्हणून. औषधाला त्या काल्पनिक माणसाची किडनी नाही, या बाईंची किडनी भेटणार आहे. त्यांचं अंग उंची आणि वजनावरून २.१८ चौरस मीटर येतं. ३६ ला २.१८ ने गुणून १.७३ ने भागलं की साधारण ४५-४६. बघा, वेगळ्या वाटेने गेलो तरी ४२ च्या शेजारीच पोचलो. दोन वाटांनी आलेली उत्तरं अशी जवळ आली की मला धीर येतो, आणि लांब गेली की मी पेशंटच्या खाटेजवळ जाऊन पुन्हा बघते. साध्या बांध्याच्या माणसात हे १.७३ चं प्रकरण जाणवत नाही, लठ्ठ माणसात मात्र छापील ईजीएफआर जसाच्या तसा डोसला वापरला तर डोस कमी पडू शकतो.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. बीएमआय ४० च्या पुढे गेला, आणि आपल्या बाईंचा ४३ आहे, की तिथे सगळे एकमताने ॲडजस्टेड म्हणत नाहीत. काही तज्ज्ञ तिथे लीन वजन वापरतात, म्हणजे चरबी वगळून उरलेल्या शरीराचं सूत्राने काढलेलं वजन. या बाईंचं ते साधारण ५२ किलो येतं आणि क्लिअरन्स ३०. म्हणजे बीएमआय इतका जास्त असताना ४२ हा आकडा दगडावरची रेघ नाही, खरं उत्तर तिशीच्या सुरुवातीपासून पन्नाशीपर्यंत कुठेही असू शकतं. मग करायचं काय? औषध बघायचं. ज्याची रक्तातली पातळी मोजता येते, जसं व्हँकोमायसिन किंवा जेंटामायसिन, तिथे सूत्र फक्त पहिल्या डोसापुरतं, पुढचं सगळं पातळीवरून. सेफेपिममध्ये बहुतेक ठिकाणी पातळी मोजत नाहीत, पण ते साठलं तर मेंदूवर परिणाम होतो. पेशंट गोंधळतो, बोलणं तुटक होतं, हातपाय झटके मारतात, कधी फिट येते. लठ्ठ पेशंट, किडनी थोडी कमी, सेफेपिम चालू, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी नातेवाईक म्हणाले की आई विचित्र बोलायला लागल्यात, तर इन्फेक्शनमुळे असेल म्हणून सोडू नका, आधी बघा की क्लिअरन्स कुठल्या वजनाने काढलं होतं. उलट पहिल्या एक-दोन दिवसात, सेप्सिसमध्ये, डोस फार आखडता घेणंही धोक्याचं आहे, तिथे सीमेच्या जवळ असेल तर मी वरच्या बाजूला झुकते आणि रोज परत हिशोब करते.

आणि हे सगळं गणित ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती मोडली तर कुठलंच वजन वाचवत नाही. क्रिएटिनिन स्थिर हवं. काल ०.९ होतं आणि आज १.६ आहे, म्हणजे किडनी आत्ता बंद पडत चाललीय आणि रक्तातली पातळी तिच्या मागून चढतेय. किडनी पूर्ण बंद पडली तरी क्रिएटिनिन एका दिवसात साधारण १ ते १.५ नेच वाढतं, म्हणून पहिल्या दिवशी १.६ दिसणाऱ्या माणसाचा खरा क्लिअरन्स १० च्या खालीही असू शकतो. सूत्र मात्र ४२ च सांगेल. चढत असेल तर सूत्राच्या आकड्यापेक्षा खूप कमी धरा, उतरत असेल तर जास्त, आणि लघवी किती होतेय त्यावर लक्ष ठेवा. आपल्या बाईंच्या बाबतीत मी सुरुवातीलाच "गेले तीन दिवस तेवढंच" असं लिहिलं ते याचसाठी.

दुसरी गोष्ट स्नायूंची. लठ्ठ पण महिनोन्महिने अंथरुणावर पडून असलेला माणूस, वजन १००, आत स्नायू झिजलेले. त्याचं क्रिएटिनिन ०.५ दिसतं आणि सगळे खूश होतात. ते ०.५ चांगल्या किडनीमुळे नाही, बनवायला स्नायूच उरले नाहीत म्हणून आहे. तिथे ॲडजस्टेड वजनसुद्धा फुगवलेलं उत्तर देतं. काही जण अशा वेळी ०.५ च्या जागी १ धरतात, मला ती सवय पटत नाही, कारण त्याने अंदाज सुधारतो असं दिसलेलं नाही आणि बऱ्याच जणांचा क्लिअरन्स उगाच निम्मा होतो. अशा पेशंटला सिस्टाटिन सी ही तपासणी बघता येते, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नाही, फक्त लठ्ठपणात, शरीरात दाह असताना आणि स्टेरॉइड चालू असताना ती थोडी वर जाते हे लक्षात ठेवून. तसंच पोटात पाणी किंवा अंगावर सूज असेल तर काट्यावरचे वाढलेले १०-१५ किलो पाणी आहे, ते ना स्नायू ना चरबी, म्हणून सूज यायच्या आधीचं वजन विचारून घ्या. पाय कापलेला असेल तर तेवढे स्नायू गेले हेही धरा. ट्रायमेथोप्रिम चालू असेल तर क्रिएटिनिन थोडं वाढतं पण किडनी बिघडलेली नसते, ते औषध फक्त क्रिएटिनिनची बाहेर पडायची एक वाट अडवतं.

आणि एकक बघा. रिपोर्टवर १४१ असा आकडा असेल तर तो मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये आहे, ८८.४ ने भागा, १.६ मिळतील.

शेवटी त्या बाईंच्या फाइलवर मी काय लिहीन ते सांगते. "क्रिएटिनिन १.६, तीन दिवस स्थिर. उंची १५८ मोजलेली. खरं वजन १०८, आयडियल ५०.६, ॲडजस्टेड ७३.५. क्लिअरन्स ॲडजस्टेडने ४२, खऱ्या वजनाने ६२. सेफेपिम ४२ धरून, २ ग्रॅम दर १२ तासांनी. रिव्हारोक्सॅबान सुरू करायचं ठरलं तर ६२ धरून २० मिलिग्रॅम. उद्या सकाळी क्रिएटिनिन परत, बोलण्यात गोंधळ वाटला तर लगेच कळवा." पाच-सहा ओळी होतात, पण रात्रपाळीच्या डॉक्टरला ४२ आणि ६२ दोन्ही कुठून आले ते दिसतं, आणि त्याला परत पहिल्यापासून वजन शोधत बसावं लागत नाही.